आम्ही न पाहिलेलं अर्धं लग्न

आमच्या पुतणीचं लग्न होऊन तीन महिने झाले. मांडववाल्याचे, आचाऱ्याचे, हॉलचे सगळ्यांचे पैसे चुकते झाले. फोटोग्राफरचेही झाले. पण पैसे दिले म्हणजे हिशोब मिटला असं त्याच्या बाबतीत आम्हाला वाटेना. घरात बोलता बोलता ठरलं की, त्याचे आभार नीट, लिहून मानायचे. आणि नुसतं "फोटो छान आले" असं न म्हणता कोणते फोटो छान आले आणि का, हे सांगायचं. लग्नघरातल्या इतरांनाही त्यातून काही उपयोगाचं सापडेल.

पुतणी म्हणजे आमच्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ 2012 साली अल्लाहला प्यारे झाले, तेव्हा ती दहा वर्षांची होती. तेव्हापासून भाभी आणि ती आमच्याच घरात, मिरजेत. आमचे अब्बा आज एकोणऐंशीचे आहेत. बाप नसताना दादा वली, म्हणून निकाहात तिचे वली तेच.

फोटो काढायचे की नाही यावर आधी घरात बरंच बोलणं झालं. तसवीर काढण्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि अब्बा जुन्या विचारांचे. शेवटी त्यांनी तीन अटी घातल्या. भिंतीवर फोटो लागणार नाही. बायकांचे फोटो घराबाहेर जाणार नाहीत. आणि ज्याला नको असेल त्याचा फोटो कोणी काढणार नाही. या अटी ऐकून एका फोटोग्राफरने "बघू, जमवू" म्हटलं. ते आम्हाला पटलं नाही. दुसरा आला तो तिशीचा मराठा तरुण. बायकोला बरोबर घेऊनच आला. ती बायकांकडचे फोटो काढते, तो पुरुषांकडचे. त्याने अटी वहीत लिहून घेतल्या आणि म्हणाला, "सर, मी हिंदू लग्नं शंभर केली असतील, पण निकाह दोनच. कुठल्या वेळी काय होतं ते मला आधी सांगा. मंगलाष्टकं संपली की अक्षता पडणार हे मला कळतं. तुमच्याकडे तो क्षण कुठला, ते मला कळत नाही."

हा प्रश्न आम्हाला आजवर कोणी विचारला नव्हता. शाळेत शिकवण्याची सवय, म्हणून आम्ही त्याला एक पानभर क्रम लिहून दिला. आधी वकील आणि दोन गवाह नवरीच्या खोलीत जातात आणि तिची इजाजत घेतात. मग ते मांडवात येऊन काझीसाहेबांना सांगतात. काझीसाहेब खुतबा पढतात. त्यानंतर इजाब-कुबूल. कुबूल एकदा म्हटलं तरी निकाह होतो, पण आमच्याकडे तीनदा विचारण्याची चाल आहे. मग दुआ, मग खजूर, मग गळाभेट. तिथे टाळ्या नाहीत, वाजंत्री नाही. खुतबा चालू असताना कोणी मध्ये उभं राहू नये आणि फ्लॅश मारू नये.

त्याने पान दोनदा वाचलं आणि "तीनदा" या शब्दाखाली रेघ मारली. त्या रेघेचा अर्थ आम्हाला पुढे कळला.

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपल्याकडच्या लग्नात घरच्या माणसालाही लग्न अर्धंच दिसतं. मर्दाना वेगळा, जनाना वेगळा. आमच्यापैकी एक जण दिवसभर मांडवात आणि जेवणाच्या पंगतीत, दुसरी बायकांच्या हॉलमध्ये आणि दारावर पाहुण्या बायकांच्या स्वागतात. रात्री घरी आल्यावर आम्ही एकमेकांना विचारत होतो, "तुमच्याकडे काय झालं?" लग्न पुरं असं आम्ही पाहिलं ते वीस दिवसांनी, लॅपटॉपवर, दोघांनी शेजारी बसून. म्हणून हे आभार.

पहिला फोटो हळदीचा. हळद ही काही दीनची रस्म नाही, इथली चाल आहे, हे आम्हाला माहीत आहे; घरातल्या बायकांची हौस म्हणून संध्याकाळी अंगणात झाली. पण तिथे आणखी एक चाल आपोआप येऊन बसते. हळद लावायला सुहागनींना हाक मारतात. बेवा बाई मागे राहते. तिला कोणी "येऊ नकोस" म्हणत नाही, आणि कोणी "ये" असंही म्हणत नाही. दीनमध्ये बेवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. ती संपल्यावर तिला कुठल्या शुभ कामातून बाजूला ठेवा, असं कुठेही सांगितलेलं नाही. हे आम्ही शाळेत, जमातीत कितीदा बोललो असू. आणि त्या संध्याकाळी आमच्याच अंगणात भाभी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात हातात ताट घेऊन उभ्या होत्या आणि आमच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

भाभींनी फोटोवालीला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "बेटी, मेरा फोटू नक्को." तिने मान डोलावली होती.

सात-आठ बायकांनी हळद लावून झाल्यावर नवरी उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि आईचा हात धरून तिला चौरंगाजवळ घेऊन आली. एक-दोन म्हाताऱ्या काही पुटपुटल्या. भाभी बसल्या आणि त्यांनी तोंडाला नाही, हाताला नाही, मुलीच्या पावलांना हळद लावली.

त्या वेळी फोटोवाली समोर होती. चेहऱ्यांचा फोटो घ्यायला तिला एक बोट दाबायचाच अवकाश होता. आजूबाजूच्या मुली "काढा, काढा" म्हणत होत्या. ती खाली बसली, कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला आणि फक्त हात आणि पाऊल घेतलं. भाभींच्या हातात बांगडी नाही. बोटांच्या पेरांवर कांदे चिरल्याच्या बारीक रेघा आहेत. मुलीच्या पावलावर मेंदी अजून लागलेली नाही, आणि घोट्याच्या वरपर्यंत हळद. बाजूला ताटाची कड. चेहरा कोणाचाच नाही, पण आमच्या घरातल्या कोणालाही विचारा, हे हात कोणाचे ते लगेच सांगेल. तिने शब्दही पाळला आणि तो क्षणही जाऊ दिला नाही.

नंतर आम्ही तिला विचारलं, एवढ्या गडबडीत हे सुचलं कसं? ती म्हणाली, "काकू नको म्हणाल्या तेव्हाच मी ठरवलं होतं की, त्यांच्याजवळ गेले तर हातच घ्यायचे. आयत्या वेळी ठरवायला गेलं की चूक होते."

दुसरा फोटो निकाहाच्या दिवसाचा, इजाजतीचा. याच फोटोसाठी आम्ही मुख्यतः लिहायला बसलो.

वकील होते नवरीचे मामू. ते आणि दोन गवाह रजिस्टर घेऊन आत गेले. मांडवात आम्ही वाट पाहत होतो. साधारण पाच मिनिटांत येतात. दहा झाली. मग मामू एकटेच आले, काझीसाहेबांच्या कानाशी काही बोलले, काझीसाहेबांनी रजिस्टरमध्ये पेनाने काही केलं, मामू परत आत गेले. पाहुण्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. नवरदेवाच्या चुलत्यांनी विचारलं, "काही अडचण?" आम्ही म्हटलं, "नाव लिहिण्यात चूक झाली असेल." आमची दुसरी बाजू तेव्हा दारावर बारातीतल्या बायकांना घेत होती, तिलाही काही कळलं नाही. आणखी सात-आठ मिनिटांनी तिघे बाहेर आले, खुतबा सुरू झाला आणि तो विषय आम्ही विसरून गेलो.

खरं काय झालं ते फोटोंनी सांगितलं. खोलीत चार फोटो आहेत, ओळीने.

पहिल्यात मामू गुडघ्यावर रजिस्टर ठेवून विचारत आहेत. दुसऱ्यात ते थांबलेत. चष्मा कपाळावर, ओठ मिटलेले, नजर खाली. हदीसप्रमाणे कुंवारी मुलीचं मौन हीच तिची इजाजत. म्हणून बहुतेक घरांत हा प्रश्न घाईघाईने विचारला जातो, कोणीतरी काकी नवरीचं डोकं हलकंसं पुढे दाबते आणि "हो म्हणाली, हो म्हणाली" म्हणून सगळे उठतात. इथे मामू खरोखर उत्तराची वाट पाहताना दिसतात.

तिसरा फोटो पाहून आम्ही दोघंही लॅपटॉपवर वाकलो. नवरीने घूंघट दोन्ही हातांनी मागे सारलाय आणि रजिस्टर वाचतेय. तर्जनी एका शब्दावर टेकवलेली आहे. मागे एका काकीचा हात तोंडावर गेलाय.

फोटो मोठा करून पाहिला तर बोट मेहरच्या रकान्यात होतं. मेहर ठरली होती 75,000 रुपये, सगळी रोख, निकाहाच्या वेळीच. नवरदेवाच्या वडिलांनी पाकीट आणलंही होतं. पण रजिस्टरमध्ये रकमेपुढे शब्द पडला होता मुअज्जल. वाचकांना वाटेल, मग बरोबरच आहे की! देवनागरीत लिहिलं तर हा घोळ दिसतच नाही. उर्दूत दोन मुअज्जल आहेत. एक ऐनने लिहितात. तो उजलत या शब्दाच्या घरातला, म्हणजे ताबडतोब द्यायची मेहर. दुसरा वाव आणि त्यावर हमजा देऊन लिहितात. तो अजलच्या घरातला, अजल म्हणजे मुदत. ही मेहर पुढे कधीतरी द्यायची. उच्चार एकच, अर्थ उलटे. लिहिणाऱ्याने सवयीने वाव-हमजा लिहून टाकला होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण कागदावर रोख मेहर उधार झाली होती.

नववीत उर्दूच्या तासाला हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून आम्ही किती वर्षं शिकवत आलो. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. आमच्या घरातली मुलगी दागिन्यांच्या ओझ्याखाली, भोवती वीस बायका, बाहेर तीनशे माणसं खोळंबलेली, अशा वेळी तो शब्द वाचते, बोट ठेवते आणि मामूंना म्हणते, "हे बदला, मग सही करते." हे आम्हाला तिने स्वतः सांगितलं नव्हतं. मामूंनीही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, मुलीकडच्यांनी निकाहाच्या दिवशी चूक काढली हे पसरायला नको. फोटो पाहिल्यावर आम्ही फोन केला तेव्हा दोघांनी सांगितलं.

चौथ्या फोटोत ती सही करतेय. आधीचा शब्द खोडून वर नीट लिहिलेला आहे, शेजारी काझीसाहेबांची छोटी सही. मामूंचा चष्मा पुन्हा नाकावर आलाय आणि ते हसतायत.

हे फोटो तांत्रिक दृष्टीनेही सोपे नव्हते, असं फोटोवालीने समजावून सांगितलं. खोलीत एक ट्यूबलाइट आणि एक खिडकी. ट्यूबचा उजेड आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू हिरवट आणि दुसरी निळसर येते. लाल दुपट्टा असला की तो रंग गालावरही उतरतो. तिने वेळेआधी अर्धा तास खोलीत येऊन ट्यूब बंद करायला सांगितली आणि नवरीला खिडकीच्या बाजूला तोंड करून बसवलं. कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवला. ती स्वतः कोपऱ्यातल्या कपाटाला टेकून उभी राहिली आणि सगळं होईपर्यंत तिथून हलली नाही. "मी हलले असते तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं," ती म्हणाली, "आणि मग ती घूंघट वर करायला लाजली असती." तिला त्या शब्दाचा घोळ काही समजला नव्हता. उर्दू तिला येत नाही. पण नवरी वाचतेय आणि हे नेहमी होत नाही, एवढं तिच्या लक्षात आलं होतं.

तिसरा फोटो मांडवातला. आता त्या "तीनदा"खालच्या रेघेची गोष्ट.

कुबूलच्या वेळी सगळे कॅमेरे, सगळे मोबाइल नवरदेवाकडे असतात. त्याच्या चेहऱ्यावर सेहऱ्याच्या फुलांच्या लडी. तिथे कॅमेरा आपोआप पुढच्या फुलांवर नजर बसवतो आणि मागचा चेहरा धूसर येतो. फोटोग्राफरला हे माहीत होतं, म्हणून तो बाजूने, लडींच्या फटीतून टिपत होता. पहिल्या कुबूलला त्याने नवरदेवाचा फोटो घेतला. तो स्वच्छ आला. आपल्याकडे अजून दोन संधी आहेत हे पानावर वाचलेलं असल्यामुळे दुसऱ्या कुबूलला त्याने कॅमेरा फिरवला आणि काझीसाहेबांच्या डावीकडे बसलेल्या अब्बांकडे धरला.

अब्बांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. त्या फोटोत ते अर्धे पुढे झुकलेत, पंजा कानामागे वाडग्यासारखा धरलाय, तोंड किंचित उघडं. नातीच्या नवऱ्याचं "कुबूल है" त्यांना स्वतःच्या कानाने ऐकायचं होतं. वली म्हणून तिथे बसलेत आणि जे ऐकायला बसलेत तेच निसटेल की काय, ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट आहे. पुढचा फोटो तिसऱ्या कुबूलचा. हात खाली आलाय, पाठ पुन्हा तक्क्याला टेकलीय, डोळे मिटलेत. ऐकलं त्यांनी.

हा फोटो अब्बांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पहिल्या वेळी खरंच ऐकू आलं नव्हतं. कोणाला बोललो नाही." आम्ही त्यांच्यापासून चार हातांवर बसलो होतो आणि नवरदेवाकडे बघत होतो.

चौथा जलव्याचा. आरशात नवरा-नवरीने एकमेकांना पहिल्यांदा पाहायचं. या रस्मेचे फोटो बहुतेक घरांत फुकट जातात, आमच्या स्वतःच्या लग्नातलाही गेला आहे. आरशाच्या जागी पांढरा स्फोट दिसतो. समोरून फ्लॅश मारला की तो आरशातून थेट परत येतो. फोटोवालीने फ्लॅश मागच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवला, म्हणजे उजेड भिंतीवर आपटून मऊ होऊन आला. दुसरी अडचण अशी की, कॅमेरा आरशाच्या चौकटीवर नजर बसवतो आणि आतला चेहरा पुसट येतो, कारण आरशातला चेहरा कॅमेऱ्याच्या हिशोबात चौकटीपेक्षा लांब असतो. तिने हाताने नजर आतल्या चेहऱ्यावर आणली. तिच्या फोटोत चौकट पुसट आणि आत नवरीचे डोळे अगदी स्पष्ट आहेत. ती हसू दाबतेय, कारण नवरदेवाने आरसा उलटा धरला होता आणि करवल्यांनी नुकताच गोंधळ घातला होता.

पाचव्या फोटोबद्दल थोडं अवघड लिहायचं आहे. रुखसतीचा फोटो एकच आहे. रस्त्याच्या पलीकडून, लांबून घेतलेला. दारात कुराण शरीफ डोक्यावर धरलेला हात, खाली लाल दुपट्टा, भोवती पाठमोरी माणसं. जवळचा एकही नाही. आई-मुलीची गळाभेट नाही. इतर लग्नांत हेच फोटो सर्वांत जास्त असतात. आम्ही विचारलं तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "काकूंनी नको सांगितलं होतं. आणि त्या वेळी नुसते हात काढायला जागा नव्हती. मी कॅमेरा खाली ठेवला."

भाभी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "तेवढा एक काढला असता तरी चाललं असतं." मग स्वतःच म्हणाल्या, "नाही, मीच नको म्हटलं होतं. तुझं बरोबर आहे." आम्हाला वाटतं, हा फोटो नसण्याची हळहळ भाभींना राहील. ती त्या फोटोग्राफरची चूक नाही. उलट, त्याने तो काढला असता आणि भाभींना तो नको असता, तर तो परत घेता आला नसता. पण लग्नघरातल्या बायांनो, एवढं लक्षात ठेवा: नको म्हणायचा हक्क तुमचा आहेच, आदल्या रात्री एकदा शांतपणे विचार करून कुठले नको आणि कुठला एक हवा, तेही सांगून ठेवा.

सगळंच चांगलं झालं असं नाही. पहिल्यांदा पाहायला दिलेल्या फोटोंत मांडवातल्या लोकांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे होते. मांडववाल्याने पिवळे हॅलोजन आणि पांढरे एलईडी दोन्ही लावले होते. रंग दुरुस्त करायला त्याला आणखी आठ दिवस लागले. खजूर वाटतानाचे फोटो नाहीत, कारण नेमकं त्याच वेळी तो बॅटरी बदलत होता. नवरदेवाच्या एका फुफांचा एकही फोटो नाही आणि ते अजून रुसलेले आहेत. सगळ्या खानदानाच्या एकत्र फोटोत अब्बांचे डोळे मिटलेत, आणि असे फोटो एका मागोमाग तीन आहेत. त्याने हे सगळं स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही.

फोटो देताना त्याने दोन पेन ड्राइव्ह दिले, एक मर्दान्याचा, एक जनान्याचा. जनान्याच्या ड्राइव्हवर चिठ्ठी होती की, हे फोटो फक्त त्याच्या बायकोने पाहिले आणि निवडले. आम्ही सगळे मिळाले असं कळवल्यावर ती कॉम्प्युटरवरून पुसून टाकेल. अल्बमही दोन केले. मर्दान्याचा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता येतो, दुसरा भाभींच्या कपाटात. स्टुडिओच्या जाहिरातीत त्यांना एक फोटो वापरायचा होता. त्याने विचारलं, आम्ही अब्बांचा कानामागे हात धरलेला फोटो चालेल का, असं अब्बांना विचारलं. अब्बा म्हणाले, "जाहिरातीत नको. पण त्याला सांगा, मला आवडला." त्याने तो वापरला नाही.

हळदीच्या हातांचा फोटो भाभींनी वेगळा छापून मागितला. अब्बांची अट, म्हणून भिंतीवर लागला नाही. तो एका पाकिटात, भावाच्या जुन्या कागदांबरोबर ठेवलेला आहे. मुलगी माहेरी आली की दोघी काढून बघतात.

तर भाऊ आणि ताई, तुम्ही आम्हाला पैसे मिळाल्याची पावती दिलीत, ही आमची पावती. आमच्यातल्या एकाने पाहिलेलं दुसऱ्याला दाखवलंत. ज्यांनी नको म्हटलं त्यांचं ऐकलंत. आमच्या मुलीने त्या दिवशी काय वाचलं, ते तुम्हाला वाचता येत नसतानाही तिचं बोट त्या शब्दावर होतं तोवर कॅमेरा धरून ठेवलात. पुढच्या वर्षी धाकट्याचं लग्न आहे, इन्शाअल्लाह. क्रमाचं पान आम्ही आत्ताच लिहून ठेवलंय. या वेळी त्यात खजुराची वेळही आहे, तेवढी बॅटरी आधी बदला.